केसांचे नियम करणाऱ्यांसाठी काही सूचना

आपण पुण्यातल्या एखाद्या शाळेचे नवे मुख्याध्यापक झाला असाल आणि जूनपूर्वी विद्यार्थी-दैनंदिनीत छापायचे नियम मंजुरीसाठी आपल्या टेबलावर आले असतील, तर ग्रंथालयाचे आणि प्रयोगशाळेचे नियम न वाचता सही केली तरी चालेल. केसांविषयीचे पान मात्र स्वतः वाचावे. ग्रंथालयाचा नियम वर्षातून दोनदा मोडला जातो, केसांचा नियम मात्र रोज रात्री मुलगा झोपेत असताना आपोआप मोडला जात असतो, आणि जो नियम पाळणाऱ्याच्याही हातून अखंड मोडतो, त्याच्याइतका उपयोगी नियम शाळेला दुसरा मिळणार नाही.

पहिली सूचना अशी, की नियमात आकडा कधीही लिहू नये. ‘मुलांचे केस 2 सेंटिमीटरपेक्षा लांब नसावेत’ असे आपण एकदा छापले, की पाचवीतला मुलगादेखील कंपासपेटीतली पट्टी काढून स्वतःचे केस मोजेल, आणि मोजता येणाऱ्या गोष्टीवरून वाद घालता येतो. त्याऐवजी ‘केस बारीक व नीटनेटके असावेत’ असे लिहावे. नीटनेटकेपणाला एकक नसते. तो फक्त तपासणाऱ्याला दिसतो, आणि तपासणाऱ्याला काय दिसेल हे त्याला सकाळी बस वेळेवर मिळाली की नाही, यावरही थोडेसे अवलंबून असते.

मोजमापाची एक जुनी पद्धत पी.टी.च्या सरांना ठाऊक असतेच. परिपाठ संपला की रांगेतून फिरायचे आणि मुलाच्या डोक्यावर मागून पुढे बोटे फिरवायची. केस दोन बोटांच्या चिमटीत सापडले तर मुलगा रांगेबाहेर, निसटले तर आत. हिचा हिशोब एकदा करून पाहण्यासारखा आहे. सलूनमधल्या मशीनची दोन नंबरची पट्टी साधारण 6 मिलिमीटर केस ठेवते, आणि डोक्यावरचे केस महिन्याला सुमारे एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे शाळा सुरू होताना अगदी नियमात असलेल्या मुलाचे केस महिन्याभरात पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास पोचतात आणि चिमटीत अलगद सापडतात. एका शब्दानेही महिन्याचा उल्लेख न करता आपण दर महिन्याला केस कापण्याचा नियम केलेला असतो. शिवाय सरांची बोटे जाड असतील तर एखादा आठवडा अधिक मिळतो, बारीक असतील तर कमी. पण हा तपशील पालकसभेत न काढलेला बरा.

केस कधी कापायचे, या प्रश्नात आपण पडू नये. सोमवारी सलून बंद, मंगळवारी आणि शनिवारी आजी कापू देत नाही, श्रावण लागला की काही घरांत महिनाभर कात्रीच बंद, आणि रविवारी सलूनच्या बाकावर निम्मा पेठभाग बसलेला. पंचांग आणि दैनंदिनी यांच्या कात्रीत सापडलेला मुलगा शाळेबाहेर उभा राहतो. त्याला कळायचे ते कळते: मोठी माणसे एकमेकांशी बोलत नाहीत आणि दंड त्याला होतो.

नियम लांबीचा आहे असा समज मुलांमध्ये पसरत असेल, तर तो वेळीच मोडून काढावा. याचे एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. नववीतला एक मुलगा बाजूचे केस झिरो मशीनने काढून, वर चार-पाच सेंटिमीटर ठेवून येतो. याला सगळे फेड म्हणतात. चिमटीच्या परीक्षेत तो वर नापास होतो. रविवारी जाऊन तो वरचे केसही दीड सेंटिमीटरवर आणतो. सोमवारी चिमटीत काहीच सापडत नाही, तरी सर त्याला रांगेबाहेर काढतातच, कारण आता बाजूला केस फारच कमी आहेत आणि ती ‘स्टाइल’ आहे. वडील विचारायला येतात तेव्हा त्यांना साधा सोल्जर कट करून आणायला सांगावे. सलूनवाला सोल्जर कट म्हणून जे करतो, त्यात बाजूला मशीन आणि वर थोडे अधिक केस असतात, म्हणजे जवळजवळ तेच, जे त्या मुलाच्या डोक्यावर आधीच आहे. फरक एवढाच, की पहिला कट मुलाने निवडला होता आणि दुसरा आपण. हा फरक पट्टीने मोजता येत नाही, म्हणून पुन्हा सांगतो, नियमात आकडा नको.

मुलींचे पान त्या मानाने सोपे आहे, कारण तिथे आपल्याला कापायचे नसून बांधायचे आहे. खांद्याखाली केस असतील तर दोन वेण्या, त्या दुमडून वर बांधलेल्या, गणवेशाच्या रंगाची रिबीन. केस आखूड असतील तर काळा हेअरबँड. पुढे बटा नकोत. सकाळच्या शाळेची व्हॅन साडेसहाला येत असेल तर आदल्या रात्री धुतलेले ओले केसच वेणीत जातात आणि दुपारी सुटेपर्यंत वाळत नाहीत. त्याला आपला इलाज नाही. कुरळे केस वेणीतून सुटतात, तर त्या मुलीने अधिक तेल लावावे. रोज करकचून ओढलेल्या वेण्यांमुळे कपाळाजवळचे आणि कानांवरचे केस विरळ होत जातात हे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. पण ते पुढे अनेक वर्षांनी दिसते, आणि तोपर्यंत मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला निघालेला असतो.

कुणी कारण विचारलेच, तर उवा हे कारण द्यावे. पालकांपैकी एखादी आई डॉक्टर असली तर मात्र सावध राहा. उवा डोक्याला डोके लागल्याने पसरतात, एका बाकावर तीन मुली बसवल्याने त्यांची चांगली सोय होते, आणि लिखा केसांच्या मुळाशी, टाळूपासून अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरच्या आत चिकटलेल्या असतात. खाली वेणी दुमडली आहे की मोकळी, याची त्यांना दखल नसते. मोकळे केस एकमेकींना लागतात, एवढे खरे आहे. पण त्यासाठी एक साधा रबर पुरतो, आणि नेमकी एकाच वेणीला आपली परवानगी नाही. तेव्हा आठवीनंतर कारण बदलावे आणि ‘मुलांचे लक्ष विचलित होते’ असे सांगावे. लक्ष मुलांचे आणि केस मुलींचे, तरी बांधायचे केसच, लक्ष नव्हे, हे मुलींना लवकर समजलेले चांगले. पुढे बसमध्ये, कचेरीत आणि सासरी हाच धडा त्यांना पुन्हा कुणी समजावून सांगावा लागत नाही.

आता शिक्षेकडे वळू, कारण खरे शिक्षण तिथे होते. केस वाढलेल्या मुलाला परिपाठात सर्वांसमोर उभे करावे आणि मुलींकडून रबर किंवा रिबीन मागवून त्याच्या डोक्यावर शेंडी बांधावी. सगळी शाळा हसते, आणि एकाच रिबिनीने दोन पाठ एकदम होतात. ती मुलाला बांधली की मुलगी होण्यासारखी नामुष्की नाही हे मुलांना कळते, आणि जी गोष्ट आपल्याला रोज सक्तीने बांधायला लावतात तीच मुलाला शिक्षा म्हणून बांधतात हे मुलींना कळते. रिबीन दिलेली मुलगी त्या दिवशी डब्याच्या सुट्टीत काही बोलत नाही, पण आपण तिकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

कात्री वापरायचीच असेल तर एकच घाव पुरे, तोही समोरच्या बाजूला. सगळे केस कापण्याचे श्रम आपण का घ्यावेत? समोर एक खड्डा पडला, की न्हाव्यासमोर सगळे डोके त्याच पातळीवर आणण्यावाचून पर्याय उरत नाही, आणि पैसेही पालकच देतात. इथे कायद्याची थोडी अडचण आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. तो कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी असल्यामुळे नववी-दहावीत आपल्याला मोकळीक आहे असे कुणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 75 मुलाला ताब्यात ठेवणाऱ्या व्यक्तीने केलेल्या क्रूरतेविषयी आहे, आणि त्यात मूल म्हणजे 18 वर्षांखालचे कुणीही. म्हणून शहाणे मुख्याध्यापक कात्री स्वतः हाती घेत नाहीत. ते फक्त दैनंदिनीत लाल शाईने शेरा लिहितात, हजेरी न लावता मुलाला घरी पाठवतात आणि त्याला शिक्षा म्हणत नाहीत.

वर्गात एखादा शीख मुलगा असेल, तर त्याच्या पटक्याखालचे न कापलेले केस आपण अर्थातच मान्य करतो, आणि ते योग्यच आहे. फक्त त्याला गणितात किती गुण पडतात, तो रांगेत नीट उभा राहतो का, याची इतर मुलांसमोर फार चर्चा होऊ देऊ नये. लांब केसांनी अभ्यास बिघडतो या सिद्धांताचा एक प्रतिवाद दररोज पहिल्या बाकावर बसलेला असतो, आणि मुले निरीक्षण चांगले करतात.

आपल्या शहराला या विषयाची परंपरा आहे, हा अभिमानही बाळगायला हरकत नाही. विधवेचे केस तिचे नसून तिच्या सासरचे आणि समाजाचे असतात, हे इथल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. परपुरुषाचे लक्ष जाऊ नये, हे कारण तेव्हाही तयार होते. आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ काढून केशवपनाविरुद्ध लिहिले, पंडिता रमाबाईंचे शारदा सदन 1890 मध्ये पुण्यात आले आणि तिथल्या विधवा मुली केस वाढवून शिकू लागल्या, तेव्हा शहराला केवढा संताप आला होता. आज त्या दोघांच्या जयंत्या शाळेत साजऱ्या होतात, आणि भाषण करणाऱ्या मुलीच्या दोन वेण्या दुमडलेल्या आहेत ना, हे व्यासपीठावर चढण्यापूर्वी बाई एकदा पाहून घेतात.

शेवटची सूचना स्नेहसंमेलनाची. त्या संध्याकाळी लावणीसाठी मुलींचे अंबाडे, कोळीगीतासाठी खोपे, पाश्चात्त्य नृत्यासाठी मोकळे केस, आणि मुलांसाठी जेल, रंगीत स्प्रे व हव्या त्या उंचीचा तुरा, हे सगळे चालेल. छायाचित्रेही पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर घ्यावीत, कारण प्रवेश घेणाऱ्या पालकांना ती आवडतात. मात्र सूट शुक्रवारी संध्याकाळी 5 ते 9 एवढीच आहे असे परिपत्रक आधी काढावे, आणि सोमवारी तपासणी नेहमीप्रमाणे होईल, सलून त्या दिवशी बंद असते ही सबब ऐकून घेतली जाणार नाही, हे त्याच परिपत्रकात ठळक टाइपात छापावे.