टर्नरकडे राहिलेले चाळीस किलो

«जॉबवर्कसाठी ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये वेगळं काही लागत नाही. माल गेला की स्टॉकमधून वजा करा, तयार माल आला की जमा करा. किती माल लागला ते बीओएम सांगतोच, आणि चलन फाइलला असलं की जीएसटीचं काम झालं.»

जॉबवर्क, म्हणजे आपला माल बाहेर पाठवून त्यावर काम करून घेणे, याबद्दलचा हा सल्ला छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील लघुउद्योजकांमध्ये गेली काही वर्षे फिरत आहे, आणि तो मानून चाललेल्या कारखान्यांचे स्टॉकचे हिशेब मी स्वतः जुळवले आहेत. म्हणून त्यातील एकेका विधानाला, एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून, उत्तर देत आहे.

वाळूजमधील एक कारखाना ३० मिमी व्यासाचा १,००० किलो ईएन ८ पोलादाचा बार चिकलठाण्यातील टर्नरकडे पिना करण्यासाठी पाठवतो. बारचा दर ७० रुपये किलो आहे आणि टर्निंगचा दर प्रत्येक पिनेला ९ रुपये ठरला आहे. बीओएम, म्हणजे एका नगाला किती कच्चा माल लागतो याची ईआरपीतील यादी, त्यानुसार एका पिनेला ०.४७ किलो बार लागतो, तर तयार पिनेचे वजन ०.३६ किलो भरते. काही दिवसांनी २,००० चांगल्या पिना परत येतात.

पहिले विधान स्टॉक वजा करण्याचे आहे. बार टर्नरच्या दारात उतरला तरी तो विकलेला नसतो, त्याची मालकी कारखान्याचीच राहते. त्यामुळे ईआरपीत त्याचे ठिकाण बदलले पाहिजे, किंमत बदलता कामा नये. ईआरपीनेक्स्टमध्ये यासाठी टर्नरच्या नावाचे `Supplier Warehouse` ठेवून `Send to Subcontractor` या नोंदीने माल तिकडे हलवतात. सॅपमध्ये हेच काम `541` या हालचालीने होते आणि माल त्या पुरवठादाराकडील आपला साठा म्हणून दिसत राहतो. याऐवजी माल सरळ वजा केला, तर ७०,००० रुपये त्याच दिवशी खर्चात जातात, आणि पिना परत येताना त्यांच्यावर केवळ ९ रुपयांची मजुरी चढते किंवा कोणीतरी अंदाजाने दर टाकतो. मध्ये ३१ मार्च आला, तर ताळेबंदातील साठा तेवढ्या रकमेने कमी दिसतो, आणि पुढच्या वर्षी त्याच पिना विकल्यावर नसलेला नफा दिसतो. ज्या कारखान्याचा निम्मा माल कायम बाहेर फिरत असतो, तिथे बँकेला दर महिन्याला दिले जाणारे स्टॉक स्टेटमेंटसुद्धा यामुळे चुकते.

खरी अडचण मात्र बीओएमच्या विधानात आहे, आणि माझ्या अनुभवात बहुतेक हिशेब इथेच बिघडतात. बीओएमप्रमाणे २,००० पिनांना ९४० किलो बार लागला, म्हणून ईआरपी टर्नरकडे ६० किलो शिल्लक दाखवते. प्रत्यक्ष काट्यावर तिथे फक्त २० किलो बार निघतो. उरलेले ४० किलो कोणी पळवलेले नसतात. टर्नरकडे ६० पिना रिजेक्ट झाल्या, त्यांना २८.२ किलो बार लागला होता, आणि चकमध्ये धरता न येणारे बारचे शेवटचे तुकडे ११.८ किलो भरले. बीओएममध्ये या दोन्ही गोष्टींसाठी जागाच ठेवलेली नव्हती. अशा पाच लॉटनंतर ईआरपीत टर्नरकडे २०० किलो असा बार दिसू लागतो जो कुठेच नाही, आणि खरेदी विभाग त्याच आकड्यावर विसंबून नवीन बार मागवायला उशीर करतो. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: त्या जॉबवर्करकडील शिल्लक प्रत्येक लॉटनंतर थोडी वाढत जाते आणि एकदाही शून्याजवळ येत नाही.

यावर उपाय म्हणून बीओएममधील आकडा ०.४९ करून टाकणे मला योग्य वाटत नाही, कारण मग रिजेक्शन वाढले की कमी झाले हे कधीच कळणार नाही. ०.४७ हा आकडा प्रमाण म्हणून तसाच ठेवावा आणि पावती करताना प्रत्यक्ष खप ९८० किलो नोंदवावा. ईआरपीनेक्स्टच्या `Buying Settings` मध्ये `Backflush Raw Materials of Subcontract Based On` ही निवड आहे. तिथे `BOM` ऐवजी `Material Transferred for Subcontract` ठेवले, तर खप पाठवलेल्या मालावर आधारला जातो. सॅपमध्येही पावतीच्या वेळी `543` च्या ओळीतील प्रमाण बदलता येते. असे केल्यावर एका पिनेतील बारची किंमत ३२.९० ऐवजी ३४.३० रुपये येते, आणि ४० किलोंचे २,८०० रुपये ज्या लॉटमध्ये गेले त्याच लॉटवर दिसतात. रिजेक्शनबद्दल टर्नरशी बोलायला बसताना हातात हाच आकडा असावा लागतो.

चिप्स, रिजेक्ट पिना आणि तुकडे मिळून या लॉटमध्ये २६० किलो स्क्रॅप निघाले. आपल्याकडे अनेक ठिकाणी स्क्रॅप टर्नरकडेच राहते आणि त्याबदल्यात मजुरी कमी ठरते, पण ते कुठेही लिहिलेले नसते. स्क्रॅपचा भाव ३० रुपये किलो धरला तर ते ७,८०० रुपये होतात, म्हणजे ९ रुपयांची दिसणारी मजुरी प्रत्यक्षात १२.९० रुपये असते. दोन जॉबवर्करांच्या दरांची तुलना करण्यापूर्वी हे समजून घेणे आवश्यक आहे. म्हणून ऑर्डरमध्येच स्क्रॅप कोणाचे हे लिहावे आणि ते परत येणार असेल, तर त्याचा वेगळा आयटम करून पावतीत वजनासह घ्यावा.

बीओएमवर आधारलेला खप सर्वत्र चुकीचा ठरतो, असे मी म्हणत नाही. प्लेटिंगला ५०० ब्रॅकेट गेले आणि ५०० परत आले, तर नगास नग जुळतो आणि तिथे ती पद्धत पुरेशी आहे. जिथे वजनाने माल जातो आणि नगाने परत येतो, तिथे ती टिकत नाही.

आता चलन, म्हणजे मालासोबत टर्नरकडे जाणारा कागद. सीजीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कसाठी पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा जॉबवर्करच्या जागेवरून पुरवला जावा लागतो. भांडवली वस्तूंसाठी ही मुदत तीन वर्षांची आहे, मात्र साचे, डाय, जिग आणि फिक्स्चर यांना ती लागू नाही. मुदत उलटली, तर तो माल पाठवल्याच्या दिवशीच पुरवठा झाला असे मानले जाते, त्यामुळे करासोबत मागच्या तारखेपासूनचे व्याजही येते. ही मुदत प्रत्येक चलनाची स्वतंत्र मोजली जाते. म्हणूनच फाइलमधील कागद पुरत नाही. कोणत्या पावतीने कोणत्या चलनातील किती किलो वळते झाले, याची जोडणी ईआरपीत असावी लागते. जॉबवर्कच्या मालाचा तपशील जीएसटीला देण्याच्या ITC-04 या फॉर्ममध्ये परत आलेल्या मालासमोर मूळ चलनाचा क्रमांक आणि तारीख विचारली जाते, आणि घट व वाया गेलेला माल यांच्यासाठी वेगळा रकाना आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा तपशील पाच कोटींपेक्षा जास्त उलाढाल असणाऱ्यांनी सहामाही आणि बाकीच्यांनी वार्षिक द्यायचा आहे.

आपल्या उदाहरणातील ४० किलो त्या रकान्यात गेले आणि २० किलो पुढच्या लॉटमध्ये वापरले गेले, तर ते चलन पूर्ण बंद होते. खप ९४० च नोंदवला, तर तेच ४० किलो परत न आलेला माल म्हणून उघडे राहतात. एका लॉटवर १८ टक्क्यांनी ही रक्कम ५०४ रुपयेच भरते, पण महिन्याला पाच लॉट जाणाऱ्या कारखान्यात वर्षभरात २,४०० किलो असे उघडे पडतात आणि केवळ कर ३०,२४० रुपये होतो, तोही अशा मालावर जो चिकलठाण्याच्या भंगारात केव्हाच गेलेला असतो.

मी ज्या कारखान्यांत हे काम बसवले, तिथे दर महिन्याच्या शेवटी चलनवार शिल्लक छापून जॉबवर्करकडे पाठवतो, तो काट्यावरचे वजन समोर लिहून सही करतो, आणि फरक त्याच महिन्यात खप किंवा घट म्हणून नोंदवला जातो. दहा महिन्यांपेक्षा जुने चलन त्या यादीत सर्वांत वर येते, म्हणजे माल परत आणायला दोन महिने हातात राहतात.