घुबडाचे डोळे आणि पाच मिनिटांचं काम

"फक्त अक्षरं पांढरी करायचीयत, पाच मिनिटांचं काम आहे." हे वाक्य ज्याने ज्याने आजवर म्हटलंय त्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवायला पाहिजे. क्लायंटच्या साइटचा फूटर काळा झाला, लोगोतलं नाव काळं, त्यामुळे नाव गायब आणि नुसतं केशरी घुबड अंधारात तरंगतंय. मूळ फाइल मागितली तर चॅटवर फॉरवर्ड होत होत आलेला पांढऱ्या बॅकग्राउंडचा जेपीजी मिळाला. बरं.

मी गिंपमध्ये फाइल उघडली आणि नेमके तेव्हाच अकाउंटवाले काका चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. काकांना कुणी बोलावत नाही, स्क्रीनवर रंग दिसले की ते आपोआप येतात.

"अरे, उलटं करून टाक ना सगळं. कंट्रोल आय. माझा पुतण्या करतो."

"काका, गिंपमध्ये तो शॉर्टकट सिलेक्शन उलटं करतो, रंग नाही. आणि रंग उलटे केले तर घुबडाचेपण उलटे होतील."

"होऊ दे की! करून तर बघ."

तोंड बंद व्हावं म्हणून करून दाखवलं. घुबडाचा केशरी `#F58220` होता, तो झाला `#0A7DDF`, म्हणजे ठणठणीत निळा, आणि काळी बुबुळं पांढरी. काका कप खाली ठेवून म्हणाले, "हे जास्त भारी दिसतंय, तेच पाठव." वर "पण डोळ्यांत मोतीबिंदू झालाय बघ" असं निदानही केलं आणि ते दाखवायला स्क्रीनवर बोट टेकवलं. तो ठसा अजून तिथेच आहे, मी मुद्दाम पुसला नाही, कारण पुसला की ते पुन्हा येतील.

मग त्यांचा दुसरा सल्ला: काळं सिलेक्ट कर, पांढरं भर, बाकीचं पांढरं उडव. ऐकायला इतकं सरळ वाटतं की माणूस फसतोच. पण अक्षराची कड काळी किंवा पांढरी नसतेच, तिथे मधल्या करड्या छटांचे पिक्सेल असतात, त्यांच्यामुळेच 'र'चं वळण गोल दिसतं. काळं आणि पांढरं निवडलं की हे करडे दोन्हीकडून सुटतात, आणि गडद बॅकग्राउंडवर पांढऱ्या अक्षराभोवती मळकी, दातेरी किनार उरते. साध्या साइजला चटकन लक्षात येत नाही, पण खाली गडद लेयर टाकून ४००% झूम करा, मग दिसते ती घाण. शिवाय सगळ्या फाइलमधलं काळं निवडलं की बुबुळंही गेली, मोतीबिंदू परत.

"काका, करड्याला आधी अर्धपारदर्शक काळं करायचं असतं," मी म्हटलं.

"अर्धं कसं? एकतर आहे किंवा नाही." (हा माणूस ताळेबंद करतो, लक्षात असू द्या.)

तर केलं असं. फक्त नावाभोवती चौकोनी सिलेक्शन, घुबड बाहेर. मग Colors मेनूतलं `Color to Alpha`, रंग पांढरा. त्याने पांढरेपणा निघून जातो आणि १२८ चा, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मधोमधचा करडा साधारण निम्म्या पारदर्शकतेचा काळा होतो. हेच घुबडावर चालवलं असतं तर केशरीतला पांढऱ्याचा अंशही गेला असता आणि पक्षी भुताटकीचा झाला असता. मग लेयर्स पॅनेलमध्ये `Lock alpha channel`, आणि सिलेक्शन तसंच ठेवून पांढरा रंग भरला. पारदर्शकता बंद कुलपात, बदलला फक्त रंग, कडा जशाच्या तशा गुळगुळीत. अक्षरांभोवती जेपीजीचे पुसट ठिपके होते, ते आता पांढरं धुकं होऊन चमकायला लागले, म्हणून अनडू करून `Transparency threshold` थोडा वाढवून पुन्हा. मग ते कुलूप काढलं आणि घुबडाच्या बाहेरचं पांढरं फझी सिलेक्टने निवडून, सिलेक्शन एक पिक्सेल वाढवून उडवलं. जेपीजीतून यापेक्षा स्वच्छ निघत नाही, मूळ एसव्हीजी असती तर हे पुराण सांगायची वेळच आली नसती, पण ती "जुन्या डिझायनरकडे" असते. कायम.

पीएनजी एक्सपोर्ट केला, पाठवला. क्लायंटचा रिप्लाय: "नाव उडालंय, नुसता पक्षी आहे." अहो, पांढऱ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उघडली तर काय दिसणार? म्हणून बघण्यापुरता एक गडद पट्टीवरचा नमुना पाठवला, वर लिहिलं 'फक्त बघण्यासाठी', आणि त्यांनी तोच साइटवर चढवला. फूटर `#121212`, माझी पट्टी `#1E1E1E`, त्यामुळे लोगोभोवती आता अस्सल डबा दिसतोय.

काकांनी तो डबा बघितला. म्हणाले, "निळं पाठवायला सांगितलं होतं मी."