डिसेंबरचा फॉर्म आणि मार्चचं रिटर्न

"अमेरिकन शेअर्सचा लाभांश 1042-S या अमेरिकन कर-फॉर्मवरून तसाच रिटर्नमध्ये भरला तर चालतं का?"

नाही. तो फॉर्म जानेवारी ते डिसेंबरचा असतो; आपलं वर्ष १८६७ पासून ब्रिटिश सरकारच्या वर्षाशी जुळवलेलं, एप्रिल ते मार्च. समजा, हिंजवडीतल्या एखाद्याला मे २०२४, नोव्हेंबर २०२४ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये लाभांश मिळाला. २०२४-२५ च्या उत्पन्नात तिन्ही धरायचे. रिटर्नमधलं परदेशी मालमत्तेचं शेड्युल एफए मात्र कॅलेंडर वर्षावर चालतं, म्हणून तिथे पहिले दोनच. फेब्रुवारीचा पुढच्या रिटर्नच्या एफएमध्ये येईल. हे दोन आकडे जुळत नाहीत म्हणून बरेच जण एक बदलून टाकतात आणि तिथेच चूक होते. कृपया तसं करू नका. ब्रोकरकडून तारीखवार स्टेटमेंट घ्या आणि त्यावरून दोन वेगळ्या बेरजा करा.