पाण्याच्या ग्लासात घड्याळाची परीक्षा होत नाही

*"घड्याळाचा सेल रस्त्यावर बदला नाहीतर सर्व्हिस सेंटरमध्ये, सेल तो सेलच. झाकण उघडा, नवा टाका, दाबून बंद करा, पाच मिनिटांचं काम. सील बदलणं आणि प्रेशर टेस्ट ही पैसे काढायची नाटकं आहेत. पाणी आत जात नाही ते स्टीलच्या केसमुळे, रबराच्या रिंगमुळे नाही. खात्री हवी तर घड्याळ पाण्याच्या ग्लासात बुडवा, बुडबुडे आले नाहीत की झालं. सगळ्यांना पाठवा."*

'सगळ्यांना'मध्ये माझी मावशीही आली. घरात घड्याळं दुरुस्त करणारा भाचा असताना तिने फॉरवर्डवर विश्वास ठेवला, याचा राग आधी बाजूला ठेवतो. तिने रस्त्यावर सेल बदलून घेतला, घरी येऊन घड्याळ ग्लासात बुडवलं, एकही बुडबुडा आला नाही म्हणून खूश झाली. दीड महिन्याने फोन आला: "अरे, गार पाण्याने हात धुतले की काचेला आतून वाफ धरते. थोड्या वेळाने जाते आपोआप. चालेल ना?"

नाही, मावशी. चालणार नाही.

त्या ग्लासापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत आणि हा घड्याळ बुडवणारा आहे. बुडबुडा कधी येतो? आतली हवा बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त दाबाखाली असते तेव्हा. ग्लासात घड्याळाच्या आतही साधा हवेचा दाब आणि बाहेरही जवळपास तेवढाच. मग हवा बाहेर पडेल कशाला? रिंगखाली केसाएवढी फट असली तरी ग्लास शांत राहणार.

होतं ते उलटंच. मनगटावरून नुकतंच काढलेलं घड्याळ साधारण 33 अंशांवर असतं, नळाचं पाणी 20 च्या आसपास धरा. घड्याळ गार झालं की आतली हवा आकसते आणि तिचा दाब सुमारे 4 टक्क्यांनी उतरतो. 4 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण हा फरक साधारण 40 सेंटीमीटर पाण्याच्या दाबाएवढा आहे. म्हणजे 10 सेंटीमीटर खोल ग्लासात पाण्याचा स्वतःचा दाब जेवढा, त्याच्या चौपट ओढ घड्याळ आतून लावतं. फट असेल तर ते पाणी चक्क शोषून घेतं. बुडबुडा न येता. फॉरवर्डवाल्याने परीक्षा म्हणून जे सांगितलंय, तो घड्याळात पाणी भरायचा उपाय आहे. गार पाण्याने हात धुतानाही हेच होतं, रोज थोडं थोडं.

आता केस आणि रिंग. स्टीलमधून पाणी जात नाही हे खरंच, पण केस म्हणजे बंद गोळा नव्हे. तिला काच बसवलेली असते, चावीसाठी भोक असतं आणि मागे झाकण असतं. या तिन्ही ठिकाणी धातू धातूला किंवा काचेला टेकतो, आणि तिथली फट बंद करतं ते रबर किंवा प्लॅस्टिकचं गॅस्केटच. सेल बदलताना झाकण उघडलं म्हणजे त्यातलं सगळ्यात लांब सील मोडलं. ते पुन्हा नीट बसलं की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही.

मावशीचं घड्याळ उघडलं तेव्हा मात्र दिसलं. तिचं झाकण दाबून बसणारं आहे. चाकू घालून उघडताना पातं घसरलं होतं आणि झाकणाच्या बैठकीवर आडवा ओरखडा पडला होता. जुनीच रिंग परत टाकलेली. सातच्या अंकामागे ती खाचेतून वर आली होती आणि झाकण दाबताना केसच्या कडेत चिरडून जवळपास कापली गेली होती. भिंगाखाली तिथे चपटी, चकचकीत पट्टी दिसत होती, बाकी रिंग गोल. चावीच्या दांड्यावर तपकिरी रंग आला होता आणि तिच्या शेजारच्या बारीक चाकांभोवती गंजाची भुकटी. दीड महिन्यात.

इथे पाच मिनिटांच्या कामाबद्दल एक मान्य करतो, दात ओठ खाऊन का होईना. ज्या घड्याळावर पाण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, त्याचा सेल बदलणं खरोखर पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याला प्रेशर टेस्ट लावायची गरज नाही. रस्त्यावर बसणाऱ्यांत माझ्यापेक्षा स्थिर हात असलेले लोक आहेत. आणि चकचकीत काउंटरवरही जुनीच रिंग परत लावून देतात, हेही मी पाहिलंय. प्रश्न जागेचा नाहीच. समोरच्याकडे योग्य मापाची रिंग, झाकण सरळ दाबणारं प्रेस आणि दाबाची चाचणी घ्यायचं यंत्र आहे का, एवढाच प्रश्न आहे.

मावशीच्या घड्याळाचं पुढे काय केलं ते सांगतो, म्हणजे 'नाटकं' कशाला म्हणतात ते कळेल. मशीन बाहेर काढलं. झाकणाची खाच लाकडी काडीच्या टोकाने साफ केली. धातूने करायची नाही, नवा ओरखडा पडतो. जुन्या रबराचा चिकट थर आणि मळ तसाच ठेवला तर नवी रिंग त्यावर उंचसखल बसते. बैठकीवरचा ओरखडा घासून सपाट केला. त्याच व्यासाची आणि त्याच जाडीची नवी रिंग घेतली; जाडी थोडी कमी पडली तर दाबलीच जात नाही, जास्त झाली तर झाकण पुरतं बसत नाही. रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. ग्रीस फट भरायला नसतं. झाकण बसताना रिंग कोरडी घासून पिळली जाऊ नये, म्हणून ते लावायचं. मग झाकणावरची खाच चावीच्या दांड्यासमोर आणून प्रेसने सरळ दाबलं. अंगठ्याने किंवा पकडीने दाबलं की एक बाजू आधी बसते आणि दुसऱ्या बाजूला रिंग चिरडते. मावशीच्या घड्याळात नेमकं तेच झालं होतं. स्क्रूसारखं फिरवून बसणारं झाकण असेल तर प्रेस लागत नाही, पण तिथे कोरडी रिंग झाकणाबरोबर फिरते आणि ताणली जाते.

मग चाचणी, रिकाम्या केसचीच. आधी कोरडी. केस एका छोट्या बंद कप्प्यात ठेवतात, काचेला एक संवेदक टेकवतात आणि हवेचा दाब वाढवतात. केस घट्ट असेल तर बाहेरच्या दाबाने काही मायक्रॉन दबते आणि दबलेलीच राहते. गळत असेल तर हवा आत शिरते, दोन्हीकडचा दाब सारखा होऊ लागतो आणि काच हळूहळू मूळ जागी येते. यंत्र ते परत येणं मोजतं. यात पाण्याचा थेंबही लागत नाही.

मावशीची केस नापास झाली. नवी रिंग, सपाट बैठक, तरी नापास. कुठून गळतंय हे कोरडी चाचणी सांगत नाही, म्हणून ओली केली. जाड पारदर्शक भांड्यात खाली पाणी, वर हवा. केस पाण्याच्या वर टांगायची आणि हवेचा दाब वाढवायचा. काही मिनिटं तसंच थांबायचं. फट असेल तर दाबाची हवा तेवढ्यात केसच्या आत जाऊन बसते. मग केस पाण्यात सोडायची आणि दाब हळूहळू कमी करायचा. आता आतला दाब जास्त आणि बाहेरचा कमी, त्यामुळे हवा फटीतून बाहेर येते आणि बुडबुड्यांची माळ नेमकी जागा दाखवते. माळ दिसली की दाब पुरता उतरायच्या आत केस पाण्याबाहेर काढायची. हवा बाहेर येत असते तोवर पाणी आत जात नाही. फॉरवर्डमधला बुडबुडा बहुधा इथूनच आलाय. फक्त दाब तेवढा विसरलाय.

माळ निघाली ती चावीच्या नळीतून. तिथलं चिमुकलं गॅस्केट वर्षानुवर्षं चावी ओढून झिजलं होतं. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाने झाकण अगदी चोख बसवलं असतं तरी घड्याळ गळलंच असतं, आणि हे चाचणीशिवाय कुणाला कळलं नसतं. सगळा दोष त्याच्या माथी मारत नाही. पण 'चाचणी कशाला' याचं याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही. चावी गॅस्केटसकट बदलली, मग दोन्ही चाचण्या पास.

ही पद्धत माझ्या मनातली नाही. पाणी-रोधक घड्याळांसाठी आयएसओ 22810 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात 2 बार हवेच्या दाबाखाली मिनिटाला 50 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त हवा झिरपता कामा नये अशी मर्यादा आहे. वाफेची चाचणीही त्यातच आहे, आणि मशीन नव्याने बसवून झाल्यावर मी तीही केली: घड्याळ 40 ते 45 अंश तापलेल्या प्लेटवर 10 ते 20 मिनिटं ठेवायचं, काचेवर साध्या गार पाण्याचा थेंब सोडायचा, मिनिटभराने पुसायचा आणि आतून धुकं धरलंय का बघायचं. मावशीने वॉशबेसिनपाशी नकळत हीच चाचणी घेतली होती आणि घड्याळ नापास झालं होतं.

'सेल तो सेलच' हे थोडक्यात उरकतो. तिच्या घड्याळाला एसआर 626 एसडब्ल्यू हा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल लागतो. आत निघाला एलआर 626, त्याच मापाचा, अल्कलाइन. घड्याळ दोन्हींवर चालतं. पहिला 1.55 व्होल्ट जवळपास शेवटपर्यंत धरून ठेवतो, दुसऱ्याचं व्होल्टेज पहिल्या दिवसापासून उतरत जातं, आणि संपल्यावर आत पडून राहिला तर पाझरण्याची भीती त्याला जास्त. तो पाझर सर्किट खातो. हिच्या सेलला ती वेळ आली नव्हती, नशीब. आणि सेल उचकटताना स्क्रूड्रायव्हर घसरून कॉइलला लागला, तर तिची केसाहून बारीक तार तुटते आणि कॉइल बदलल्याशिवाय काटे हलत नाहीत.

मशीन गंजलं होतं, ते बदलावं लागलं. घड्याळ परत देताना मावशीला सांगितलं की आजचा निकाल आजच्या रिंगांचा आहे, पुढचा सेल बदलताना पुन्हा चाचणी, आणि गरम पाण्याने आंघोळ करताना घड्याळ काढून ठेव. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो मेसेज मी पुढे पाठवलाय चौदा जणांना, त्यांचं काय करू?" त्यांना हे पाठव म्हटलं.