‘पाच वर्षांचा मागितला, एका वर्षाचा मिळाला’: आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (दोन तारे): “चाकणला आमचं सीएनसी मशीनिंगचं युनिट आहे. स्टुटगार्टजवळच्या गिऱ्हाइकाकडे वर्षातून तीन-चारदा जावं लागतं, म्हणून पाच वर्षांचा मल्टिपल शेंगेन व्हिसा मागितला होता. मिळाला एका वर्षाचा. २०१९ आणि २०२४ चा शेंगेन आहे, अमेरिकेचा दहा वर्षांचा आहे, आयटीआर चोख, पासपोर्ट फेब्रुवारी २०२८ पर्यंत. तरी कंपनीचं पत्र यांनी दोन-तीनदा परत लिहायला लावलं. उपयोग काय झाला? माझ्या मित्राला दुसऱ्या एजंटने थेट पाच वर्षांचा काढून दिला. फी परत मिळावी.”

आमचं उत्तर:

नमस्कार साहेब. तुमची फाइल आमच्याकडे आहे, पण त्यातलं काही इथे चव्हाट्यावर मांडणार नाही. तुम्ही स्वतः वर जेवढं लिहिलंय, तेवढ्यावरच बोलतो.

अर्जाच्या फॉर्मवर किती वर्षांचा व्हिसा हवा, असा रकानाच नाही. तिथे विचारतात ते एवढंच: एक फेरी, दोन फेऱ्या की अनेक. शिवाय पहिल्या फेरीची येण्या-जाण्याची तारीख. आपण ‘अनेक’वर, म्हणजे मल्टिपलवर, खूण केली. मुदत किती द्यायची हे वकिलात ठरवते आणि त्याला लिखित नियम आहे, युरोपियन युनियनच्या व्हिसा कोडचं कलम २४. एजंटच्या ओळखीपाळखीला त्यात जागा नाही. व्हिसा केंद्रात खिडकीवर बसलेली मुलं कागद जमा करतात आणि बोटांचे ठसे घेतात, त्यांच्याही हातात काही नसतं.

हा नियम पायऱ्यांचा आहे. सर्वसाधारण पायऱ्या अशा: दोन वर्षांत तीन व्हिसा घेऊन नीट वापरले की एका वर्षाचा मल्टिपल, तो वापरला की दोन वर्षांचा, मग पाच वर्षांचा. भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी युरोपियन कमिशनने एप्रिल २०२४ मध्ये ही वाट बरीच सोपी केली. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून नियमानं वापरलेले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल, आणि त्यानंतर, पासपोर्टची मुदत पुरेशी उरली असेल तर, साधारणपणे पाच वर्षांचा.

आता तुमचे व्हिसा यात बसवून बघा. २०२४ चा धरला जातो. २०१९ चा तीन वर्षांच्या खिडकीतून केव्हाच बाहेर गेला. अमेरिकेचा व्हिसा या पायऱ्यांत मोजतच नाहीत. तुम्ही नियम पाळून परत येणारे प्रवासी आहात एवढं तो दाखवतो, आणि त्याचा फायदा झालाच. म्हणजे हिशोबाला एकच व्हिसा उरला. एका व्हिसावर पायऱ्यांच्या नियमानं तुम्हाला कुठलाच मल्टिपल देणं वकिलातीवर बंधनकारक नव्हतं. नेमक्या दिवसांचा, एकाच फेरीचा व्हिसा हातात आला असता तरी तक्रारीला जागा नव्हती. (घेतला पण वापरलाच नाही असा व्हिसाही धरत नाहीत. मीटिंग रद्द झाली आणि व्हिसा तसाच पडून राहिला, असं उद्योजकांच्या बाबतीत सर्रास होतं.)

मग एका वर्षाचा मिळाला कसा? त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. वारंवार जाण्याची गरज ज्याला सिद्ध करता येते आणि ज्याच्या विश्वासार्हतेबद्दल शंका नाही, त्याला पायऱ्यांची वाट न बघता पाच वर्षांपर्यंतचा मल्टिपल देता येतो. देता ‘येतो’, द्यावाच लागतो असं नाही. अधिकाऱ्याचं समाधान जितकं, तितकी मुदत. आणि ते समाधान होतं कंपनीच्या पत्रावर, म्हणून आमच्या ऑफिसातल्या ताई त्या पत्रामागे लागल्या होत्या.

तुमच्या पत्राबद्दल नाही, आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांबद्दल सांगतो. त्यांत एकच वाक्य असतं: आमचा युरोपातला व्यवसाय वाढत आहे, वारंवार प्रवास करावा लागतो, तरी कृपया पाच वर्षांचा व्हिसा द्यावा. यात अधिकाऱ्याला तपासता येईल असं काहीच नाही. व्यवसाय वाढतो तो ईमेलवरही वाढतो. माणसाला परत परत प्रत्यक्ष का जावं लागतं, हे त्याला कळायला हवं.

समजा एक कारखानदार स्टुटगार्टच्या एका कंपनीला हायड्रॉलिक पंपाचे सुटे भाग पुरवतो. त्याच्या पत्रात आम्ही हे लिहून घेतो: पुरवठ्याचा करार डिसेंबर २०२८ पर्यंत आहे. नवीन पार्टचे पहिले नमुने गिऱ्हाइकाच्या क्वालिटी विभागासमोर बसून मंजूर करून घ्यावे लागतात. दर तिमाहीला रिजेक्शनचा आढावा तिथेच होतो आणि त्याला मालकानं किंवा क्वालिटी हेडनं हजर राहावं, अशी करारात अट आहे. प्रत्येक फेरी पाच ते सात दिवसांची. पुढच्या वर्षातल्या फेऱ्या अंदाजे या-या महिन्यांत. त्यानंतर एक ओळ अशी की एवढ्या फेऱ्या धरूनही कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांच्या मर्यादेच्या आपण खूप आत राहतो. ही ओळ लोक गाळतात. ती असली की अर्जदाराला मल्टिपलचा अर्थ कळलाय, हे अधिकाऱ्याला दिसतं. पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षं तिथे राहण्याची मुभा, असं समजणारेही कमी नाहीत.

पत्रातल्या प्रत्येक विधानामागे कागद हवा. कराराचं ते पान, चालू परचेस ऑर्डर, शिपिंग बिलं, आणि त्या मालाचे पैसे खरंच आले हे दाखवणारं ई-बीआरसी. या शेवटच्या कागदाला आमच्या लेखी फार किंमत आहे. आयटीआर माणूस कमावतो एवढं सांगतो, ई-बीआरसी तो याच गिऱ्हाइकाकडून कमावतो हे सांगतं.

जर्मनीहून येणारं निमंत्रणपत्रही तितकंच बोलकं हवं. ‘आम्ही यांना २२ ते २६ तारखेच्या भेटीसाठी बोलावत आहोत’ असं त्यात असेल, तर एका फेरीचा व्हिसा पुरतो. तुमच्या पत्रात पाच वर्षं आणि त्यांच्या पत्रात पाच दिवस असले, तर अधिकारी त्यांच्याच पत्रावर जाणार. म्हणून गिऱ्हाइकाकडून ‘करार संपेपर्यंत दर तिमाहीला यांची भेट आवश्यक आहे’ असं स्पष्ट लिहून घ्यायचं, सही करणाऱ्याच्या हुद्द्यासकट. जर्मन कंपन्या हे लिहून देतात. मागायला आपली माणसं उगाच संकोचतात.

एक सावधगिरी. पत्रात मीटिंग, आढावा, प्रदर्शन हे शब्द चालतात. मशीन बसवणं, शॉप फ्लोअरवर उभं राहून पार्ट दुरुस्त करणं हे काम झालं, त्याला बिझनेस व्हिसा पुरेलच असं नाही. प्रभाव पाडण्यासाठी असलं काही घालू नका, उलट प्रश्न निघतात.

तुमच्या मित्राबद्दल. त्यांच्या जुन्या पासपोर्टात आधीचा दोन वर्षांचा मल्टिपल आहे का, एवढं विचारा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. तसा नसताना थेट पाच वर्षांचा मिळाला असेल तर त्यांचे कागद भक्कम होते आणि अधिकाऱ्याचं समाधान झालं. तसंही होतं. पण पाच वर्षांची ‘गॅरंटी’ देऊन जास्त फी घेणारा एजंट जे विकतोय, ते त्याच्या हातात नाही.

आता तुमच्या कामाचं. हा एका वर्षाचा व्हिसा पुढच्या पायरीसाठी पुरेसा आहे. त्यावर एक फेरी जरी नीट झाली, तरी २०२४ चा आणि हा मिळून तीन वर्षांतले दोन होतात. सर्वसाधारण पायऱ्यांनी मोजलं तरी एका वर्षाच्या मल्टिपलनंतर दोन वर्षांचाच येतो. मात्र २०२४ चा व्हिसा खिडकीत आहे तोवर अर्ज करा, ‘बघू पुढच्या प्रदर्शनाला’ म्हणत २०२७ उजाडू देऊ नका. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. चालू व्हिसा संपण्याची वाट बघायची गरज नाही, नव्याची मुदत जुना संपल्यावर सुरू होईल अशी मागायची. दरम्यान एखादी फेरी इटलीला किंवा फ्रान्सला झाली तर बिघडत नाही, मल्टिपलवर ते चालतं. पण ज्या पहिल्या फेरीसाठी अर्ज केला, ती जर्मनीचीच व्हायला हवी. जर्मनीचा व्हिसा आणि पहिली सगळी फेरी मिलानला, हे पुढच्या अर्जात बाहेर येतं आणि ‘नियमानं वापरला’ यावरच शंका येते. विमा अर्जाच्या वेळी पहिल्या फेरीचाच दाखवला होता, पुढच्या प्रत्येक फेरीला ३०,००० युरोंचं कव्हर असलेली पॉलिसी नव्यानं काढा. तशी जाणीव असल्याची सही तुम्ही फॉर्मवर केलेली आहे.

तुमची खरी अडचण पासपोर्ट आहे. व्हिसाची मुदत पासपोर्टच्या पुढे जाऊ शकत नाही. फेब्रुवारी २०२८ ला संपणाऱ्या पासपोर्टवर दोन वर्षांचा व्हिसा बसवायला गेलो तर तो कापूनच मिळणार, मग नियमात कितीही बसत असलात तरी. म्हणून आधी पासपोर्ट नवा, मग अर्ज. फिरतीचं काम आहे, तर ६० पानांचाच घ्या. आणि जुना पासपोर्ट सांभाळून ठेवा, तुमचे वापरलेले व्हिसा आणि शिक्के त्यातच आहेत. युरोपच्या सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं संगणकीय नोंद सुरू झाली, पण त्याआधीच्या फेऱ्यांचा पुरावा तो शिक्काच आहे.

फीबद्दल स्पष्ट सांगतो. ९० युरो वकिलातीचे, केंद्राचा आकार वेगळा, ते दोन्ही परत मिळत नाहीत. आमची फी कागद तयार करण्याची आहे. मुदत कितीही मिळाली तरी ती तेवढीच असते, आणि हे पावतीवर छापलेलं आहे. तेव्हा ती परत करणार नाही. पुढच्या अर्जाच्या वेळी हेच पत्र नव्या ऑर्डरी घालून अद्ययावत करावं लागेल, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही.

पासपोर्ट नूतनीकरणाला टाकण्यापूर्वी पुढची फेरी कधी आहे ते कळवा. चालू व्हिसा जुन्या पुस्तिकेत आहे, तेव्हा प्रवासात दोन्ही पासपोर्ट बरोबर लागतील, आणि जुना रद्द करताना व्हिसाचं पान खराब होऊ देऊ नका असं पासपोर्ट सेवा केंद्रात आधीच सांगायचं.