अर्जातला राजीनामा

एखादा माणूस बऱ्यापैकी शुद्ध मराठी लिहितो असा गावात बोभाटा झाला, की नात्यागोत्यातल्या पोरांचे नोकरीचे अर्ज तपासण्याचे काम त्याच्या गळ्यात पडते. अर्जातला बाकीचा मजकूर एकवेळ सहन होतो, कारण नाव, शिक्षण आणि टक्केवारी यांत कल्पनाशक्तीला फारसा वाव नसतो. पण ‘माझे भावी उद्दिष्ट’ या दोन ओळी आल्या, की एरवी शहाणी असणारी मुलेही नकळत राजीनामा लिहू लागतात.

माझ्या भाच्याचेच घ्या. कृषी पदवी घेतलेल्या या मुलाला रावेरकडच्या एका केळीच्या पॅकहाउसमध्ये गुणवत्ता सहायकाची जागा हवी होती. फण्यांची प्रतवारी करायची, चीक नीट धुतला गेला आहे की नाही ते पाहायचे, शीतखोलीच्या तापमानाच्या नोंदी ठेवायच्या आणि कोणती पेटी कोणत्या शेतातून आली याचा हिशेब राखायचा, असे काम जाहिरातीत स्पष्ट लिहिले होते. त्यावर आमच्या चिरंजीवांनी लिहिले होते : ‘स्पर्धा परीक्षेची तयारी सुरू असून तोपर्यंत आपल्या संस्थेत मौल्यवान अनुभव मिळवणे हे माझे उद्दिष्ट आहे.’ मी ते मोठ्याने वाचताच ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या आजीने मान वर न करता विचारले, “तू नोकरी मांगी ऱ्हायना का सोडी ऱ्हायना, भो?”

आजीच्या प्रश्नात सगळे आले होते. नव्या माणसाला प्रतवारीत नजर बसायला वेळ लागतो, आणि तोवर त्याच्यामागे एक जुना कामगार गुंतून पडतो. एवढा खर्च करणारा मालक अर्जातला ‘तोपर्यंत’ हा शब्द वाचून पुढचा अर्ज उचलणारच.

मग घरातल्या मंडळींनी दुरुस्त्या सुरू केल्या. भाऊजींनी ‘आजन्म निष्ठेने सेवा करीन’ असे सुचवले, पण बाविशीतल्या मुलाच्या आजन्म सेवेवर त्याची आईदेखील विश्वास ठेवणार नाही. शेजारच्या काकांनी ‘पाच वर्षांत संस्थेचा संचालक’ अशी झेप सुचवली. मालकाचे दोन मुलगे त्याच खुर्चीकडे डोळे लावून बसलेले असताना हे लिहिणे म्हणजे गुणवत्ता सहायकाने वारसाहक्काच्या भानगडीत पडणे होते. भाच्याची स्वतःची दुसरी आवृत्ती होती ‘कृषी क्षेत्रात उंची गाठणे’. मी त्याला एक कसोटी सांगितली. ही नोकरी न मिळाली किंवा मिळून सोडली, तरीही ते उद्दिष्ट जसेच्या तसे पुरे होत असेल, तर त्याचा या अर्जाशी संबंध नाही. उंची काय, पुण्यात जाऊनही गाठता येते, आणि वाचणारा नेमके तेच समजतो.

“मग मामा, खोटं लिहू का?” भाच्याने विचारले.

खोटे लिहायचे नव्हतेच. मनातल्या अनेक खऱ्या इच्छांपैकी या कामातून उगवणारी इच्छा निवडायची होती. परीक्षेचा विषय अर्जात काढायला कोणी बांधलेले नाही. मुलाखतीत सरळ विचारले, तर सरळ सांगावे. मी त्याला पॅकहाउसमध्ये काम करणाऱ्या ओळखीच्या मुलाला फोन करायला लावला. सहायकाच्या वरची पायरी पाळीप्रमुखाची आहे आणि तिथे पोहोचायला साधारण दोन-तीन वर्षे लागतात, असे कळले. अशी पायरीच नसती, म्हणजे मालक आणि वजनकाट्यावरचा माणूस एवढाच कारभार असता, तर पदाचे नावही न काढता निर्यातीची कागदपत्रे शिकण्याची इच्छा लिहिली असती.

शेवटी वाक्य असे उतरले : ‘पहिल्या वर्षात प्रतवारी आणि शीतखोलीच्या नोंदी बिनचूक ठेवण्याची सवय लावून, येत्या दोन-तीन वर्षांत एका पाळीच्या मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी पेलण्यास तयार होणे, हे माझे उद्दिष्ट आहे.’ ‘पाळीप्रमुख होणार’ असे लिहिले नाही, कारण पद देणे मालकाच्या हाती असते आणि तयारी करणे आपल्या. नोंदींचा उल्लेख मात्र मुद्दाम ठेवला. हिरवी केळी तेरा-चौदा अंशांच्या आसपास सांभाळावी लागतात. पारा बराच खाली गेला तर साल काळवंडते आणि वर राहिला तर माल वाटेतच पिकू लागतो. हे ज्याला कळते, त्याचे उद्दिष्ट इतर कोणत्याही अर्जात चिकटवता येण्याजोगे उरत नाही.

भाच्याला बोलावणे आले. मालकांनी ते वाक्य बोट ठेवून वाचले आणि म्हणाले, “पाळीची जबाबदारी घ्यायची म्हणता ना? मग रात्रपाळीपासून सुरुवात करा.” भाचा खुशीत रुजू झाला. ताईने मात्र ‘पाळी’ हा शब्द अर्जात कोणी घातला याची रीतसर चौकशी सुरू केली असून, रात्रीचा डबा रावेरला पोहोचवण्याची जबाबदारी माझ्यावर टाकण्याचा तिचा विचार दिसतो.