छिद्र बुजवल्याने फुफ्फुस वाढत नाही

छाती आणि पोट वेगळे करणाऱ्या स्नायूंच्या पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, जन्मतःच छिद्र असल्याचे निदान झाले की बाळाच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "ऑपरेशन आजच करता येणार नाही का?" प्रश्न रास्त आहे. छिद्रातून जठर आणि आतडी छातीत चढलेली असतात, एक्स-रेमध्ये ती डोळ्यांना दिसतात, आणि बाळाला श्वास पुरत नसतो. आतडी खाली ओढून घ्यावीत, छिद्र शिवावे, म्हणजे दाबलेला स्पंज हात काढल्यावर फुगतो तसे फुफ्फुस फुगेल, हे चित्र कोणाच्याही मनात सहज उभे राहते. 1980च्या दशकापर्यंत जगभरातले शल्यचिकित्सकही असाच विचार करीत आणि बाळाला जन्मानंतर काही तासांतच शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेत. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करताना माझे मत पक्के होत गेले आहे की हे चुकीचे चित्र आम्ही डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत, सोनोग्राफीचा अहवाल हातात असतानाच, पुसून टाकले पाहिजे. या बाळाचे फुफ्फुस नुसते दबलेले नसते. ते पुरेसे घडलेलेच नसते.

हा फरक नीट कळण्यासाठी दुसऱ्या दोन रुग्णांकडे पाहावे. अपघातात पोटाला जबर मार लागून ज्या प्रौढ माणसाचे श्वासपटल फाटते, त्याचीही आतडी छातीत जातात आणि फुफ्फुस दबते. पण शस्त्रक्रियेने आतडी खाली आणली की त्याचे फुफ्फुस पुन्हा पसरते. काही मुलांमध्ये जन्मजात छिद्र असूनही पोटातले अवयव वर जातात ते जन्मानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी. अशा मुलांचे फुफ्फुस बहुधा चांगले घडलेले असते आणि शस्त्रक्रियेनंतर ती जवळजवळ सगळी बरी होतात. तेव्हा सारा प्रश्न अवयव छातीत नेमके कधी शिरले, याचा आहे.

श्वासपटल अनेक भागांच्या जुळणीतून तयार होते. मागच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही अंगांना, छाती आणि पोट यांना जोडणारी एक वाट सुरुवातीला उघडी असते आणि ती गर्भाच्या साधारण आठव्या आठवड्याच्या सुमारास बंद होते. उजवीकडची वाट आधी मिटते, डावीकडची मागाहून. शिवाय उजवीकडे यकृताचा आडोसा असतो. म्हणूनच या विकाराच्या दर शंभर बाळांपैकी ऐंशीहून अधिक बाळांत छिद्र डावीकडे आढळते. मागच्या बाजूच्या या छिद्राला बोखडालेक या प्राग शहरातल्या शरीररचनाशास्त्रज्ञाचे नाव आहे. त्याने 1848 मध्ये त्याचे वर्णन केले होते. आता दुसरी घटना पाहू. गर्भाची आतडी काही आठवडे नाळेच्या मुळाशी, पोटाबाहेर वाढत असतात आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास पोटात परत येतात. त्या वेळी डावी वाट उघडी राहिली असेल, तर परतणाऱ्या आतड्यांना छातीची मोकळी जागा सापडते, आणि त्यांच्या मागोमाग जठर, प्लीहा आणि कधीकधी यकृताचा डावा भागही वर सरकतो.

नेमक्या याच आठवड्यांत फुफ्फुसात श्वासनलिकेला शाखांमागून शाखा फुटत असतात. हवा वाहून नेणाऱ्या शाखांचा हा विस्तार साधारण सोळा-सतरा आठवड्यांपर्यंत पुरा होतो आणि त्यानंतर तशा नव्या शाखा फुटत नाहीत. शाखांच्या टोकांशी असलेल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांचे, म्हणजे वायुकोशांचे, तसे नाही. ते गरोदरपणाच्या अखेरीस तयार होऊ लागतात आणि जन्मानंतरही पहिली काही वर्षे वाढत राहतात. फुफ्फुसाच्या मुख्य रक्तवाहिन्या मात्र श्वासनलिकेच्या शाखांच्या सोबतीनेच फुटतात, त्यामुळे एका बाजूने शाखा कमी पडल्या की दुसऱ्या बाजूने रक्तवाहिन्याही कमी पडतात. दहाव्या आठवड्यात छातीत शिरलेली आतडी या कामाच्या ऐन मध्यावर जागा अडवतात. त्यातून राहून गेलेल्या शाखा पुढे कोणतीही शस्त्रक्रिया परत आणू शकत नाही.

जागा अडणे ही या कथेची एक बाजू झाली. गर्भाचे फुफ्फुस हवेने भरलेले नसते. ते स्वतःच एक द्रव स्रवत असते. हा द्रव स्वरयंत्रापाशी अडून राहतो आणि आतून फुफ्फुसाला सतत हलका ताण देतो. शिवाय गर्भ श्वास घेण्याच्या हालचालींचा सराव करीत असतो. या दोन्ही ताणांमुळे फुफ्फुसाच्या पेशींना वाढण्याचा संदेश मिळतो. छातीत आतडी भरलेली असली की द्रव साठायला जागा उरत नाही, आणि छिद्र पडलेले श्वासपटल आकुंचन पावले तरी फुफ्फुस ताणले जाण्याऐवजी पोटातले अवयवच आणखी वर ओढले जातात. बाहेरून दाब आणि आतून ताणाचा अभाव, अशी ही दुहेरी अडचण आहे. अमेरिकेत मायकेल हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये मेंढीच्या गर्भाच्या छातीत फुगा बसवून हे दाखवून दिले. फुगा फुगलेला ठेवला तर कोकराचे फुफ्फुस इतके खुजे राहिले की ते जगू शकले नाही. जन्माच्या बरेच आधी फुगा रिकामा केला तर फुफ्फुस वाढले आणि कोकरू जगले.

तरीही सगळा दोष दाबावर टाकणे मला पटत नाही. गाभण उंदरांना नायट्रोफेन हे तणनाशक दिले की त्यांच्या पिलांना हाच विकार होतो, आणि त्या पिलांची फुफ्फुसे श्वासपटलातले छिद्र दिसू लागण्यापूर्वीच लहान आढळतात. रॉटरडॅमच्या संशोधकांनी 2000 मध्ये यावरून असा विचार मांडला की पहिला घाव दोन्ही फुफ्फुसांच्या मूळ घडणीवरच पडतो आणि अवयवांचा दाब हा छिद्राच्या बाजूच्या फुफ्फुसावर पडणारा दुसरा घाव असतो. छिद्र डावीकडे असूनही उजवे फुफ्फुस लहान का राहते, याचे काही उत्तर येथे मिळते. उरलेले उत्तर असे की छातीत भरलेली आतडी हृदयाला उजवीकडे ढकलतात आणि त्याचा भार उजव्या फुफ्फुसावर येतो.

एका बाळाचे उदाहरण देते. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. दिवस पूर्ण भरलेले, 2.8 किलो वजनाचे बाळ. गर्भात त्याची वाढ उत्तम झाली होती आणि त्यात नवल नाही, कारण तेथे ऑक्सिजन पुरवण्याचे काम आईच्या गर्भाशयातली वार करीत असते. खुज्या फुफ्फुसाचा गर्भाला काहीच त्रास होत नाही. जन्मताच पोट खपाटीला गेलेले दिसले, कारण पोटातले निम्मे सामान छातीत होते, आणि हृदयाचे ठोके उजवीकडे ऐकू आले. अशा बाळाला तोंडावर मास्क लावून हवा द्यायची नसते, कारण ती जठरात आणि आतड्यांत जाऊन छातीतली गर्दी आणखी वाढवते. म्हणून थेट श्वासनलिकेत नळी घातली आणि जठर रिकामे ठेवण्यासाठी दुसरी नळी घातली. त्यानंतर उजव्या हाताला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचे प्रमाण 93 टक्के दिसत होते आणि पायावर 78.

या दोन आकड्यांतली तफावत सगळे सांगून जाते. फुफ्फुसात रक्तवाहिन्या मुळातच कमी, आणि ज्या आहेत त्यांच्या भिंतीतला स्नायूंचा थर जाड. त्यामुळे जन्मानंतर फुफ्फुसातला रक्तदाब जसा उतरायला हवा तसा उतरत नाही. मग हृदयातून फुफ्फुसाकडे निघालेले अशुद्ध रक्त, गर्भावस्थेत उपयोगी पडणाऱ्या आणि अजून उघड्या असलेल्या जोडवाहिनीतून, परस्पर महाधमनीत शिरते. उजव्या हाताचा रक्तपुरवठा त्या जोडाच्या आधी फुटतो, पायाचा नंतर. अशा वेळी घाईने छिद्र शिवल्याने हा दाब उतरत नाही. उलट शस्त्रक्रियेनंतर छाती आणि पोट ताठर होऊन श्वास आणखी जड होऊ शकतो. म्हणून आम्ही थांबलो. व्हेंटिलेटरचा दाब मुद्दाम कमी ठेवला आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला तरी चालवून घेतला, कारण असे फुफ्फुस जोर लावून फुगवायला गेले की फाटते. काही दिवसांनी हात आणि पाय यांचे आकडे जवळजवळ सारखे झाले, तेव्हा शस्त्रक्रिया झाली.

शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे मी त्याच्या वडिलांना दाखवला. आतडी खाली गेली होती, श्वासपटल जागेवर होते, आणि डाव्या छातीत मोठी काळी पोकळी होती. फुफ्फुस हृदयाला चिकटून लहानशा गोळ्यासारखे बसले होते. "ऑपरेशन झाले ना, मग हे फुगले का नाही?" असे त्यांनी विचारले. त्या पोकळीत हळूहळू द्रव भरतो आणि मधले अवयव सावकाश आपल्या जागी येतात. नळी घालून जोराने ओढ दिली तर दोन्ही फुफ्फुसे गरजेपेक्षा जास्त ताणली जाऊन इजा होते, हे मी त्यांना समजावले. हे स्पष्टीकरण त्यांना गरोदरपणातच मिळायला हवे होते. बाळाच्या विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफी अहवालात निदान होते, पण सल्ला एवढाच मिळाला होता की जन्मानंतर लहानसे ऑपरेशन करावे लागेल.

त्या तपासणीत आणखी दोन गोष्टी पाहता येतात आणि त्या लिहिल्या गेल्याच पाहिजेत, असा माझा आग्रह आहे. एक म्हणजे यकृत छातीत आहे की पोटात. दुसरी म्हणजे छिद्राच्या विरुद्ध बाजूच्या फुफ्फुसाचे क्षेत्रफळ आणि डोक्याचा घेर यांचे गुणोत्तर, त्याच आठवड्यातल्या निरोगी गर्भाच्या गुणोत्तराशी ताडून. डावीकडच्या छिद्रात हे गुणोत्तर अपेक्षेच्या 25 टक्क्यांहून कमी असेल तर विकार तीव्र समजला जातो. अशा गर्भांत साधारण 27 ते 29 आठवड्यांच्या दरम्यान दुर्बिणीने श्वासनलिकेत छोटा फुगा बसवतात आणि 34व्या आठवड्याच्या सुमारास काढतात. येथे छिद्राला कोणी हातही लावत नाही. फक्त फुफ्फुसाचा द्रव आत कोंडून त्याला हरवलेला ताण परत दिला जातो. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तीव्र विकाराच्या गटात फुगा बसवलेल्यांपैकी 40 टक्के बाळे घरी गेली, न बसवलेल्यांपैकी 15 टक्के. मध्यम विकारात, फुगा उशिरा बसवूनही, असा निःसंशय फायदा दिसला नाही. किंमतही आहे: गर्भजल लवकर जाते आणि बाळ कित्येक आठवडे आधी जन्मते, म्हणजे आधीच लहान असलेले फुफ्फुस अपुऱ्या दिवसांचेही होते. शिवाय फुगा वेळेवर काढता आला नाही तर बाळाला पहिला श्वासच घेता येत नाही. म्हणून त्या काळात आईने तो काढू शकणाऱ्या केंद्राजवळच राहायचे असते.

फुगा बसवला जावो अथवा न जावो, बाळंतपण कोठे होणार हे या दोन नोंदींवरूनच ठरवावे. नळी घालणारे हात, व्हेंटिलेटर, फुफ्फुसातला रक्तदाब पाहणारी इको तपासणी आणि थांबण्याची तयारी असलेला शल्यचिकित्सक एकाच छताखाली असतील, तेथेच बाळ जन्मले पाहिजे. जन्मानंतर रुग्णवाहिकेतून हलवताना या बाळांचा ऑक्सिजन घसरतो, तो घसरला की फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात, आणि मग पायावरचा आकडा पुन्हा वर आणणे फार कठीण जाते.